किती गेले आणि कशाने भागले?

एचआरमधल्या माणसाचा रेझ्युमे वाचणारा बहुतेक वेळा स्वतःही एचआरमधलाच असतो. विक्रीतल्या माणसाने ‘दोन वर्षांत विक्री तीस टक्क्यांनी वाढवली’ असं लिहिलं तर ते पहिल्या वाचनात खपून जातं, कारण वाचणाऱ्याला विक्रीचा हिशेब कसा मांडतात ते नीट ठाऊक नसतं. पण एचआरच्या उमेदवाराने ‘गळती तीस टक्क्यांनी कमी केली’ असं लिहिलं की समोरचा थांबतो. तोही दर महिन्याला हाच आकडा काढत असतो. तो कुठून कसा फुगवता येतो आणि कुठे कसा दाबता येतो, हे त्याला पाठ असतं.

म्हणून रेझ्युमेच्या डोक्यावर ज्या चार-पाच ओळी असतात, ज्यांना सगळे ‘समरी’ म्हणतात, त्या एचआरवाल्यांना फार अवघड जातात. बहुतेक जण मग सोपा रस्ता धरतात : ‘डायनॅमिक, रिझल्ट ओरिएंटेड, माणसांची आवड, उत्तम संवादकौशल्य, नऊ वर्षांचा अनुभव.’ यात खोटं काही नसतं. मात्र ही वाक्यं उचलून दुसऱ्या कुणाच्याही रेझ्युमेवर ठेवली तरी तिथे बसतात. जे थोडे लोक आकडे लिहायचं धाडस करतात, त्यातले निम्मे मुलाखतीत त्याच आकड्यांवर अडकतात.

समजा, चाकणच्या एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे आणि तिथल्या एचआर असिस्टंट मॅनेजर बाईंना नोकरी बदलायची आहे. कारखाना आणि बाई दोन्ही कल्पित आहेत. आकडे मी हिशेब दाखवण्यापुरते घेतले आहेत, पण ते असतात साधारण असेच. बाईंच्या पहिल्या खर्ड्यात एक ओळ आहे : ‘अॅट्रिशन २२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणलं, रिटेन्शन ८५ टक्के.’ ही ओळ उलगडून पाहू.

१ एप्रिल २०२३ ला कंपनीच्या पटावर ४१२ माणसं होती, प्रोबेशनवरची धरून. ठेकेदाराची माणसं यात नाहीत. वर्षभरात १०८ नवी आली आणि ९२ गेली, म्हणून ३१ मार्च २०२४ ला पट ४२८ झाला. वर्षाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा पट मिळवून निम्मा केला की सरासरी ४२० येते. ९२ ला ४२० ने भागलं की जवळपास २२ टक्के. पुढच्या वर्षी ९० आली, ६६ गेली, पट ४५२ वर पोचला, सरासरी ४४०, म्हणजे गळती बरोबर १५ टक्के. इथवर बाईंचा हिशेब चोख आहे.

घोळ आहे तो पुढच्या ‘रिटेन्शन ८५ टक्के’मध्ये. शंभरातून पंधरा वजा करून तो काढलाय, आणि असा तो काढता येत नाही. टिकून राहण्याचं प्रमाण काढायचं तर वर्षाच्या पहिल्या दिवशी जे पटावर होते, त्यातले शेवटच्या दिवशी किती उरले ते पाहावं लागतं. पहिल्या वर्षाचंच घ्या. गेलेल्या ९२ जणांपैकी ३८ जण त्याच वर्षी आलेले होते. म्हणजे सुरुवातीच्या ४१२ मधले फक्त ५४ गेले आणि ३५८ राहिले. हे झाले ८७ टक्के. गळती २२ टक्के आणि टिकाव ८७ टक्के, बेरीज १०९. दोन्ही आकडे खरे आहेत, कारण ते दोन वेगळ्या गटांबद्दल बोलतात. गळतीत वर्षभरात गेलेला प्रत्येक माणूस मोजला जातो, जुना असो की नवा. टिकावात फक्त आधीपासून असलेले.

हा फरक कुठवर जाऊ शकतो त्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण डेट्रॉइटमधलं आहे. १९१३ साली हेन्री फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात गळती ३७० टक्के होती. शंभर जागा भरलेल्या ठेवायच्या तर वर्षात ३७० माणसं निघून जाताना पाहायची, असा तो प्रकार. याला शंभरातून वजा करणारा उणे २७० टक्के टिकाव काढील. प्रत्यक्षात जुने कुशल कामगार बरेचसे जागेवर असू शकतात आणि असेंब्ली लाइनच्या त्याच त्या जागांवरून नवी माणसं एकामागोमाग एक जाऊ शकतात. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाला पाच डॉलर ही घोषणा केली, म्हणजे मजुरी जवळपास दुप्पट. १९१४ ची गळती ५४ टक्के झाली आणि १९१५ ची १६. आजही मॅनेजमेंटच्या वर्गात ही गोष्ट ‘पगार वाढवा, माणसं टिकतील’ अशी सांगितली जाते. पण त्याच सुमारास डेट्रॉइटमध्ये मंदी होती आणि बाहेर नोकऱ्याच कमी झाल्या होत्या. शिवाय पाच डॉलरच्या आधीच, ऑक्टोबर १९१३ मध्ये, जॉन ली या अधिकाऱ्याने कारखान्यातली रोजगाराची व्यवस्था बदलली होती : पगाराच्या श्रेणी लावल्या आणि फोरमनच्या हातातला मनाला येईल त्याला काढून टाकण्याचा अधिकार काढून घेतला. गळती कमी झाली त्यात पाच डॉलरचा वाटा किती, मंदीचा किती आणि लीच्या व्यवस्थेचा किती, यावर अर्थशास्त्रज्ञ अजून लिहीत असतात. लीने आपला रेझ्युमे लिहिला असता तर त्याला काय लिहिता आलं असतं, हा प्रश्न माझ्या मनात अधूनमधून येतो.

चाकणच्या बाईंपुढेही तोच प्रश्न आहे. गळती २२ वरून १५ वर आली खरी, पण जुलै २०२४ मध्ये कारखान्यात युनियनबरोबर नवा वेतनकरार झाला. माणसं त्यामुळे थांबली असतील. करार प्लांट हेडने आणि मुंबईहून आलेल्या व्हाइस प्रेसिडेंटने केला. बाई टेबलाशी बसून टिपणं काढत होत्या. मुलाखतीत कुणी विचारलं, ‘यात तुमचं काय?’ तर उत्तर द्यायला त्यांच्याकडे काही आहे का?

आहे, आणि ते त्यांनी खर्ड्यात लिहिलेलंच नाही. आलेल्या १०८ पैकी ३१ जण पहिल्या नव्वद दिवसांतच गेले होते, म्हणजे २९ टक्के. एक्झिट इंटरव्ह्यूच्या फॉर्मवर जवळपास सगळ्यांनी ‘बेटर प्रॉस्पेक्ट्स’ लिहिलं होतं. हे कारण सगळीकडे लिहितात, कारण फुल अँड फायनल आणि रिलिव्हिंग लेटर हातात पडायचं असतं. वाकडं कोण लिहील? बाईंनी सोडून गेलेल्यांना दोन-तीन महिन्यांनी, हिशेब मिटल्यावर, फोन केले. तेव्हा दोन गोष्टी परत परत आल्या. मुलाखतीत ‘जनरल शिफ्ट’ असं मोघम सांगितलं होतं आणि आल्यावर तीन पाळ्या लागल्या. दुसरी पगाराची : सांगितलेला आकडा सीटीसीचा होता आणि पीएफ, कॅन्टीन, बसचे पैसे कापून हातात पडलेली रक्कम पाहून माणूस गोंधळला.

मग बाईंनी ऑफर देण्याआधी उमेदवाराला शॉप फ्लोअरवर एक चक्कर मारायला लावायला सुरुवात केली, तीही दुसऱ्या पाळीत, सात-साडेसातला. पाळ्यांचं महिन्याचं पत्रक दाखवलं. हातात नेमके किती पडतील याचा कागद सहीसाठी दिला. काही उमेदवार तिथूनच परत गेले, तेही बरंच झालं. पुढच्या वर्षी आलेल्या ९० पैकी १२ जण नव्वद दिवसांत गेले, म्हणजे १३ टक्के.

हा आकडा एकूण गळतीपेक्षा लहान आहे, पण कितीतरी जास्त भक्कम आहे. प्रोबेशनवरच्या माणसाला वेतनकरार लागू नव्हता, त्यामुळे कराराचं श्रेय इथे घुसत नाही. तरीही दोन ठिकाणी जपावं लागतं. पहिलं, मार्चमध्ये आलेल्यांचे नव्वद दिवस जूनमध्ये भरतात. ३१ मार्चलाच आकडा काढला तर तो आपोआप चांगला दिसतो आणि चुकीचा असतो. दुसरं, ३१ चे १२ झाले म्हणून ‘एकोणीस माणसं वाचवली’ म्हणता येणार नाही. दुसऱ्या वर्षी भरतीच कमी होती. जुन्या दराने ९० पैकी २६ गेले असते. म्हणजे एकोणीसमधले पाच नुसते भरती घटल्यामुळे आणि चौदा दर सुधारल्यामुळे. बाईंच्या कामाचा वाटा असलाच तर तो या चौदामध्ये आहे. मुलाखतीत ही वजाबाकी स्वतःहून करून दाखवणारा उमेदवार मला तरी क्वचित भेटतो, आणि भेटला की त्याचे उरलेले आकडे मी तपासत बसत नाही.

गळतीचा आकडा दाबायचा एक जुना मार्ग आहे, तोही सांगून टाकतो. जिथून माणसं सर्वांत जास्त जातात, त्या ऑपरेटरच्या जागा ठेकेदाराच्या पटावर टाकायच्या. माणसं तितकीच येतात-जातात, पण कंपनीच्या हिशेबात ती दिसत नाहीत. म्हणून अनुभवी मुलाखतकार गळतीबरोबर पटाचीही चौकशी करतो : ‘त्या दोन वर्षांत कॉन्ट्रॅक्टची संख्या किती वाढली?’ शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तर त्याला विचारायचीही गरज नसते. सेबीने २०२१ मध्ये व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवालाचा नमुना ठरवून दिला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार कंपन्यांना तो बंधनकारक केला. त्यात कायम कर्मचारी आणि कामगार यांच्या गळतीचे तीन वर्षांचे आकडे, पुरुष आणि स्त्रिया वेगळे, छापावे लागतात. आकडा अख्ख्या कंपनीचा असतो, एका प्लांटचा नव्हे. तरी कंपनीची गळती तीन वर्षं चढत असताना कुणी ‘कंपनीभर गळती निम्म्यावर आणली’ असं लिहिलं असेल, तर ते पाच मिनिटांत उघडं पडतं.

भरतीच्या वेगाचा आकडा वरवर साधा दिसतो : इतक्या दिवसांत जागा भरली. पण घड्याळ कधी सुरू केलं आणि कधी थांबवलं, यावर सगळं अवलंबून आहे. विभागाने माणूस मागितला तो दिवस, मागणीपत्रावर मंजुरीची सही झाली तो दिवस आणि उमेदवाराचा अर्ज आला तो दिवस, या तिन्हींत सहज महिन्याचं अंतर असतं. शेवटालाही तसंच. ऑफर स्वीकारली तिथे घड्याळ थांबवलं तर एक आकडा, माणूस प्रत्यक्ष रुजू झाला तिथे थांबवलं तर दुसरा. आपल्याकडे हा फरक मोठा पडतो, कारण नोटीस पिरियड. अनेक ठिकाणी तो साठ दिवसांचा, आयटीत तर नव्वदचाही असतो, आणि त्या काळात उमेदवार आपली ऑफर दाखवून दुसरी मिळवतो. म्हणून मंजुरीपासून ऑफर स्वीकारेपर्यंतचे दिवस वेगळे लिहावेत आणि ऑफर दिलेल्यांपैकी किती खरोखर आले ते वेगळं. पहिल्यात एचआर आणि विभाग यांचं काम दिसतं, दुसऱ्यात बाजाराचाही हात असतो.

शिवाय सरासरी. बाईंनी एका तिमाहीत इंजिनिअर आणि सुपरवायझरच्या सात जागा भरल्या. दिवस लागले २४, २७, २९, ३१, ३३, ३८ आणि १४०. शेवटची जागा टूल डिझाइनच्या माणसाची होती, तसा माणूस चाकणमध्ये सहज मिळत नाही. या सातांची सरासरी येते ४६, आणि ४६ च्या आसपास एकही जागा भरली गेलेली नाही. रांगेच्या मधला आकडा ३१ आहे, तो खरं चित्र दाखवतो. म्हणून वेग लिहिताना मध्यक लिहावा. अर्थात मध्यकाच्या आड ती १४० दिवसांची जागा लपून बसते, म्हणून मुलाखतीत तीही सांगायची तयारी ठेवावी. आणखी एक खोड या आकड्यात आहे : तो फक्त भरल्या गेलेल्या जागांचा असतो. आठ महिने उघडी असलेली जागा त्यात येतच नाही. काही ठिकाणी तर जुनं मागणीपत्र रद्द करून त्याच जागेचं नवं काढतात. घड्याळ पुन्हा शून्यावर. वाचणाऱ्याला हे माहीत असतं.

स्टाफच्या सगळ्या जागा धरून बाईंचा मध्यक वर्षभरात ५२ वरून ३४ दिवसांवर आला. कसा, तर मंजुरी ते ऑफर या प्रवासात कागद कुठे किती दिवस पडून राहतो ते त्यांनी टप्प्याटप्प्याने लिहून काढलं. सगळ्यात जास्त दिवस विभागप्रमुखाच्या मेलबॉक्समध्ये जात होते, शॉर्टलिस्टची वाट पाहत. जाहिरात, नोकरीची पोर्टलं, कन्सल्टंट यांच्यावर आधी ज्या वाढीव खर्चाची चर्चा चालली होती, त्याचा या उशिराशी संबंधच नव्हता. बाईंनी विभागप्रमुखांशी आठवड्याचा एक ठरलेला अर्धा तास मिळवला, समोर बसून शॉर्टलिस्ट करून घेतली आणि मुलाखतीच्या दोन्ही फेऱ्या एकाच शनिवारी ठेवल्या. एवढंच. आणि वेगाच्या आकड्याला पहिल्या नव्वद दिवसांचा आकडा शेजारी हवाच. घाईघाईने भरलेली माणसं तीन महिन्यांत जात असतील तर तो वेग म्हणजे त्याच जागा दोनदा भरण्याचा वेग.

आता तिसरी गोष्ट, रीतसर आणि न्याय्य प्रक्रिया. माझ्या मते समरीत सगळ्यात अवघड तीच आहे आणि तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात. अनेक जण अभिमानाने लिहितात : ‘तीन वर्षांत शून्य तक्रारी.’ अनुभवी माणूस हे वाचून सावध होतो. चारशे माणसांच्या कारखान्यात तीन वर्षांत एकही तक्रार नाही याचा अर्थ सगळं आलबेल आहे असा होऊ शकतो. पण तक्रार करून काही होत नाही किंवा करणाऱ्याचंच नुकसान होतं, हे लोकांना कळून चुकलंय असाही होऊ शकतो. चांगली यंत्रणा नव्याने उभी राहिली की पहिल्या वर्षी तक्रारी उलट वाढतात. म्हणून तक्रारींची संख्या ही कामगिरी म्हणून मांडण्याजोगी गोष्ट नाही, शून्यही नाही आणि वाढही नाही. मांडता येतं ते आलेल्या तक्रारीचं पुढे काय झालं हे.

तिथेही एक कुंपण आहे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समितीची रचना घालून दिली आहे : अध्यक्षस्थानी वरिष्ठ स्त्री कर्मचारी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया आणि एक बाहेरची सदस्य व्यक्ती. चौकशी नव्वद दिवसांत, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल आणि अहवालावर साठ दिवसांत मालकाची कारवाई, अशा मुदती आहेत. त्याच कायद्याचं सोळावं कलम तक्रारदार, आरोपी आणि चौकशीचा तपशील उघड करायला मनाई करतं. समरीत ‘दोन प्रकरणं हाताळली, एकात बडतर्फी’ असं लिहिलं आणि त्या प्लांटमध्ये तीसच स्त्रिया असल्या, तर नाव न लिहिताही ओळख पटते. ‘सर्व चौकश्या कायद्याच्या मुदतीत पूर्ण’ इतकंच लिहावं. मुलाखतीत कुणी खोदून विचारलं तर सांगायला नकार द्यावा. त्या नकारातून समोरच्याला तुमच्याबद्दल जे कळायचं ते कळतं.

शिस्तभंगाचं त्या मानाने सोपं आहे, कारण तिथे पायऱ्या ठरलेल्या आहेत : लेखी आरोपपत्र, उत्तराला वेळ, स्वतः साक्षीदार नसलेला चौकशी अधिकारी, उलटतपासणीची संधी, निष्कर्षाची प्रत आणि शिक्षेआधी म्हणणं मांडायची आणखी एक संधी. कामगार न्यायालयात बडतर्फी टिकत नाही ती अनेकदा गुन्हा नव्हता म्हणून नव्हे, यातली एखादी पायरी गाळली म्हणून. लीने फोरमनच्या हातून काढून घेतला तो अधिकार इथे या पायऱ्यांत बांधलेला आहे. किती कारवाया झाल्या यापेक्षा, झालेल्या प्रत्येक कारवाईत या पायऱ्या पाळल्या गेल्या का आणि त्यातल्या किती पुढे उलटल्या, हे लिहिण्यासारखं आहे.

भरतीतल्या न्यायाचं गणित मात्र थोडं सावकाश करावं लागतं. अमेरिकेत १९७८ च्या मार्गदर्शक नियमांत चार-पंचमांशाची कसोटी आली. एखाद्या गटाच्या निवडीचं प्रमाण सगळ्यात जास्त निवडल्या जाणाऱ्या गटाच्या ८० टक्क्यांहून कमी असेल तर कुठेतरी अडसर आहे असं मानून तपास करायचा. आपल्याकडे हा कायदा नाही, पण हिशेब कुणालाही करता येतो. बाईंच्या कारखान्यात सुपरवायझरच्या जागांसाठी १८० पुरुषांचे अर्ज आले, ३६ शॉर्टलिस्ट झाले, म्हणजे २० टक्के. स्त्रियांचे ५० आले, ६ झाल्या, १२ टक्के. बाराला विसाने भागलं की ०.६, ऐंशी टक्क्यांच्या बरंच खाली. अर्ज उलगडून पाहिल्यावर कारण सापडलं ते जाहिरातीतल्या एका ओळीत : ‘स्वतःची दुचाकी आवश्यक.’ कंपनीची बस तिन्ही पाळ्यांना होती. ही अट कुण्या जुन्या जाहिरातीतून चालत आली होती. ती काढली. त्याच वेळी मुलाखतीचे प्रश्न सगळ्यांना सारखे ठरवले आणि पॅनेलवरच्या प्रत्येकाने आपले गुण आधी कागदावर लिहायचे, चर्चा नंतर, असा नियम केला. नाहीतर पॅनेलवरचा सगळ्यात वरिष्ठ माणूस पहिलं बोलतो आणि बाकीच्यांचे गुण त्याच्या मागे जातात. ठरावीक प्रश्नांच्या मुलाखती मोघम गप्पांपेक्षा पुढची कामगिरी जास्त चांगली ओळखतात, हे संशोधनातही अनेकदा दिसलं आहे.

पुढच्या भरतीत १६० पैकी ३२ पुरुष आणि ५६ पैकी १० स्त्रिया शॉर्टलिस्ट झाल्या. २० टक्के आणि जवळपास १८ टक्के, गुणोत्तर ०.८९. इथे बाईंना हा आकडा समरीत टाकायचा मोह होईल, आणि तो टाळावा असं मला वाटतं. दहाऐवजी आठ स्त्रिया निवडल्या गेल्या असत्या तर तेच गुणोत्तर ०.७१ झालं असतं. दोन अर्जांवर एवढा हलणारा आकडा दुखणं शोधायला उत्तम आहे, बरं झाल्याचा दाखला म्हणून तो चालत नाही. इथे काय बदललं तेच लिहावं.

हे सगळं गाळून बाईंची समरी साधारण अशी होईल. प्रत्यक्षात ती इंग्रजीत जाईल, पण मजकूर हाच : ‘वाहनांच्या सुट्या भागांच्या उद्योगात एचआरचा नऊ वर्षांचा अनुभव, सध्या सुमारे ४५० माणसांच्या प्लांटची भरती आणि कर्मचारी संबंध पाहते. ऑफरआधी शॉप फ्लोअर, पाळ्या आणि हातात पडणारा पगार दाखवण्याची पद्धत सुरू केली. पहिल्या ९० दिवसांत सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण एका वर्षात २९ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आलं. स्टाफ पदांसाठी मंजुरी ते ऑफर-स्वीकृती हा मध्यक कालावधी ५२ वरून ३४ दिवसांवर आणला. सुपरवायझर निवडीत समान प्रश्न आणि चर्चेआधी लेखी गुण ही पद्धत आणली, जाहिरातीतली गैरलागू अट काढली. शिस्तभंगाची प्रत्येक कारवाई आरोपपत्र आणि चौकशीनंतरच.’

२२ वरून १५ ही मूळ ओळ यात नाही. ती खोटी नाही, पण तिच्यातला बाईंचा वाटा वेगळा काढता येत नाही. मुलाखतीत विषय निघाला तर वेतनकरारासकट सांगावी. माणसांची मोघम संख्या आणि टक्के ठेवलेत, गेलेल्यांचे आणि अर्जांचे कच्चे आकडे नाहीत, कारण तो हिशेब कंपनीचा आहे आणि रेझ्युमे कुठल्या कुठे फिरतो. ‘कमी केलं’ऐवजी नव्वद दिवसांच्या बाबतीत ‘आलं’ लिहिलंय तेही मुद्दाम : पद्धत बाईंनी सुरू केली ही त्यांची कृती, घट हा त्यानंतर दिसलेला परिणाम. दोन्ही शेजारी ठेवले की वाचणारा आपला आपण जोडतो.

हे सगळं चालतं ते कारखाना वाढत असताना. ज्याच्या वाट्याला बंद पडणारा प्लांट आला, त्याचं काय? गेल्या वर्षात त्याच्याकडची सगळीच माणसं गेली. गळती, टिकाव, भरतीचा वेग यातलं काहीही लिहिण्यात अर्थ नाही. त्याच्या समरीत प्रक्रिया हाच परिणाम असतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून चालत आलेले नियम त्याला पाळावे लागले असतील : ज्येष्ठता यादी लावणं, शेवटी आलेल्याला आधी काढणं, पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. त्याने ‘दोनशे दहा कामगारांची कपात, ज्येष्ठता यादीवर आलेल्या हरकतींची लेखी उत्तरं, ग्रॅच्युइटी आणि भरपाई शेवटच्या कामाच्या दिवशी हातात, एकही वाद न्यायालयात नाही’ असं लिहिलं, तर शेवटच्या चार शब्दांवर मी त्याला एक प्रश्न नक्की विचारीन. वाद न्यायालयात गेला नाही तो हिशेब चोख होता म्हणून, की चेकबरोबर ‘माझी काही तक्रार नाही’ अशा कागदावर सह्या घेतल्या होत्या म्हणून? उत्तर देताना त्याने ज्येष्ठता यादीची तारीख आणि हरकती ऐकायला दिलेले दिवस न अडखळता सांगितले, तर त्याची फाइल मी वरच्या गठ्ठ्यात ठेवतो.